टॅग न लिहिता पाठवलेले एक्सआरपी एक्स्चेंजवर जमा झाले नाहीत, तर काय तपासायचं

मी एका कर सल्लागाराच्या कार्यालयात क्रिप्टोचे हिशोब बघतो. वर्षाला दहा-बारा वेळा तरी कुणीतरी फोन हातात धरून येतं आणि म्हणतं, "माझ्या वॉलेटमधून पैसे गेले, एक्स्चेंजवर आलेच नाहीत." त्यात नाणं एक्सआरपी किंवा स्टेलरचं एक्सएलएम असेल, तर बहुतेक वेळा कारण एकच निघतं: पत्त्याबरोबर जो टॅग किंवा मेमो लिहायचा असतो, तो राहून गेलेला असतो. खाली मी एक्सआरपी धरून लिहितो आहे, कारण सगळ्यात जास्त प्रकरणं मी त्याचीच पाहिली आहेत. स्टेलरमध्ये काय वेगळं आहे ते पुढे सांगतो.

लक्षणं

वॉलेट सांगतं की व्यवहार पूर्ण झाला. शिल्लक कमी झालेली दिसते. एक्स्चेंजच्या डिपॉझिट इतिहासात मात्र काहीच नसतं, "प्रलंबित" अशी नोंदसुद्धा नसते. हे लक्षण नीट लक्षात ठेवा. जमा व्हायला नुसता वेळ लागत असेल, तर बऱ्याच एक्स्चेंजवर निदान एक अर्धवट नोंद तरी उगवते. टॅग नसेल तर तुमच्या खात्यात काहीच उगवत नाही, कारण ही रक्कम तुमची आहे हे त्यांच्या यंत्रणेला कळलेलंच नसतं.

दुसरं लक्षण वेळेचं. एक्सआरपीच्या लेजरवर, म्हणजे सगळ्या व्यवहारांच्या सामाईक नोंदवहीत, साधारण 3 ते 5 सेकंदांत एक पान बंद होतं आणि व्यवहार कायमचा होतो. बिटकॉइनसारखी तासभर वाट बघायची इथे गरज नसते. अर्धा तास होऊनही खातं कोरं असेल आणि एक्स्चेंजने देखभालीची सूचना लावलेली नसेल, तर तपासाला लागा.

हे का होतं, ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढची पावलं पटतील. शाळेच्या बँक खात्यात तुम्ही फी भरली, पण मुलाचं नाव आणि तुकडी लिहिली नाही, तर पैसे शाळेच्याच खात्यात जातात. फक्त कुणाची फी ते लेखनिकाला कळत नाही. बिटकॉइन किंवा इथेरियमसाठी एक्स्चेंज प्रत्येक ग्राहकाला वेगळा पत्ता देतं, म्हणून तिथे हा प्रश्न येत नाही. एक्सआरपीच्या लेजरवर प्रत्येक पत्त्यात काही रक्कम राखीव म्हणून अडकवून ठेवावी लागते. आज ती 1 एक्सआरपी आहे, पण डिसेंबर 2024 पर्यंत 10 होती आणि त्याआधी 20. लाखभर ग्राहकांना वेगळे पत्ते द्यायचे तर 10 च्या हिशोबाने दहा लाख एक्सआरपी नुसते अडकून पडले असते. म्हणून एक्स्चेंज सगळ्यांना एकच पत्ता देतं आणि प्रत्येकाला वेगळा आकडा देतं. तोच हा डेस्टिनेशन टॅग. तो 0 ते 4294967295 यांमधला कुठलाही पूर्णांक असू शकतो.

घरात दोघांची त्याच एक्स्चेंजवर खाती असतील, तर दोघांचं एक्सआरपी डिपॉझिटचं पान शेजारी शेजारी उघडून बघा. पत्ता बहुधा अक्षरशः एकच दिसेल, टॅग वेगळा. आमच्याकडे आलेल्या नवरा-बायकोला मी हे दाखवलं, तेव्हा टॅग कशाला लागतो हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

पहिली तपासणी: पाठवताना काय निवडलं होतं

याला एक पैसा लागत नाही. वॉलेटमधला किंवा ज्या एक्स्चेंजवरून पाठवलं तिथला तो व्यवहार उघडा आणि पाठवलेला पत्ता बघा. एक्सआरपी लेजरचा नेहमीचा पत्ता लहान `r` ने सुरू होतो. तो `0x` ने सुरू होत असेल, तर तुम्ही एक्सआरपी दुसऱ्याच साखळीवर पाठवलं आहे. मग अडचण टॅगची नाही, चुकीच्या नेटवर्कची आहे, आणि त्याचा रस्ता वेगळा. पत्ता मोठ्या `X` ने सुरू होत असेल, तर तो असा प्रकार आहे की टॅग त्या पत्त्याच्या आतच गुंफलेला असू शकतो. तेव्हा टॅग वेगळा लिहिलेला दिसला नाही तरी लगेच घाबरू नका, पुढची तपासणी करा.

इथेच एक गोष्ट डोळे उघडे ठेवून बघा. बऱ्याच वॉलेटमध्ये "नोट" किंवा "टिप्पणी" अशी एक जागा असते, आणि ती फक्त तुमच्या फोनपुरती असते. लोक टॅगचा आकडा तिथे टाकतात, तो त्यांना व्यवहारात दिसतही राहतो, आणि ते शपथेवर सांगतात की मी टॅग टाकला होता. आकडा फोनमध्येच राहिला, लेजरवर गेलाच नाही. म्हणून वॉलेटच्या पडद्यावर विश्वास ठेवून थांबू नका.

दुसरी तपासणी: लेजर काय सांगतो

व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, कॉपी करा. तो 64 अक्षर-आकड्यांचा असतो. `xrpscan.com` किंवा `livenet.xrpl.org` या लेजर वाचून दाखवणाऱ्या साइट आहेत, त्यांना एक्सप्लोरर म्हणतात. यांपैकी कुठलाही उघडून तिथे तो चिकटवा. खातं उघडावं लागत नाही, पैसे लागत नाहीत. कुठलाही एक्सप्लोरर तुमचे गुप्त शब्द मागत नाही. मागितले तर ते पान बनावट आहे, लगेच बंद करा.

तिथे सगळ्यात आधी निकाल बघा. दोनच निकाल तुमच्या कामाचे आहेत.

निकाल `tecDST_TAG_NEEDED` असेल, तर सुटकेचा श्वास सोडा. पैसे घेणाऱ्या पत्त्याने "टॅग नसेल तर घेऊ नका" अशी खूण आपल्या खात्यावर लावून ठेवली होती, आणि लेजरने तुमचा व्यवहार अडवला. रक्कम तुमच्याच वॉलेटमध्ये आहे. गेलं ते फक्त व्यवहाराचं शुल्क, साधारण 0.00001 एक्सआरपी. टॅग टाकून पुन्हा पाठवा, प्रकरण मिटलं.

निकाल `tesSUCCESS` असेल, तर पैसे खरोखर पोचले आहेत. आता व्यवहाराचा कच्चा मजकूर उघडा. टॅग टाकायचा राहून गेला असेल, तर हा मजकूर असा दिसतो:

```
"TransactionType": "Payment",
"Destination": "r...",
"Amount": "250000000",
"TransactionResult": "tesSUCCESS"
```

रक्कम ड्रॉप या एककात असते, 1 एक्सआरपी म्हणजे दहा लाख ड्रॉप. म्हणजे वरची रक्कम 250 एक्सआरपी आहे. यात `DestinationTag` नावाची ओळ कुठेच नाही, हाच पुरावा. ती ओळ असेल, तर आकडा तुमच्या डिपॉझिट पानावरच्या टॅगशी एकेक अंक लावून बघा. `SourceTag` दिसला तर त्याने फसू नका, तो पाठवणाऱ्याचा असतो. आणि टॅग `0` असेल, तर तो "टॅग नाही" याच्या बरोबरीचा नसतो. तो टाकलेला पण चुकीचा टॅग धरा.

टॅग नसणं आणि टॅग चुकणं यातला फरक फार मोठा आहे. टॅग नसेल तर रक्कम एक्स्चेंजच्या पत्त्यावर बेवारस पडून असते. चुकलेला टॅग कुणालाच दिलेला नसेल, तरी तसंच. पण तो आकडा दुसऱ्या एखाद्या ग्राहकाचा असेल, तर रक्कम आपोआप त्याच्या खात्यात जमा होते. त्याने ती विकून पैसे काढलेलेही असू शकतात. अशा वेळी तक्रार लिहायला एक दिवसाचाही उशीर करू नका.

तिसरी तपासणी: पत्ता आजचाच आहे का, रक्कम पुरेशी आहे का

एक्स्चेंजवर लॉग इन करा आणि एक्सआरपी डिपॉझिटचं पान नव्याने उघडा. फोनमध्ये साठवलेला पत्ता किंवा जुना स्क्रीनशॉट वापरू नका. एक्सप्लोररवरचा `Destination` आणि पानावरचा पत्ता तंतोतंत सारखे असतील, तर रक्कम त्यांच्या ताब्यात आहे. पत्ता वेगळा निघाला, तर तो त्यांचा जुना पत्ता आहे का हे फक्त तेच सांगू शकतात, तेव्हा तक्रारीत दोन्ही पत्ते लिहा.

त्याच पानावर किमान रकमेची ओळही वाचा. किमान रकमेपेक्षा कमी पाठवलं असेल, तर टॅग बरोबर असूनही रक्कम खात्यात दिसत नाही. ही तक्रार वेगळी आहे आणि टॅगच्या नावाने लिहिली तर उगाच फिरत राहते.

हे करू नका

लोक घाईत जे करतात, त्यातल्या तीन गोष्टींनी नुकसान वाढतं.

एक: टॅग टाकून आणखी थोडे एक्सआरपी पाठवायचे, म्हणजे आधीचेही त्याला जोडले जातील असा समज. तसं होत नाही. लेजरवर बंद झालेल्या व्यवहारात कुणालाही, एक्स्चेंजलाही, टॅग घालता येत नाही. नवीन व्यवहार जमा होईल, जुना तसाच राहील.

दोन: हॅश समाजमाध्यमांवर टाकून मदत मागायची. लेजर उघडा असतो, टॅग नसलेला व्यवहार कुणालाही दिसतो, आणि तो माझा असं कुणीही म्हणू शकतं. शिवाय हॅश टाकल्यावर तासाभरात "आम्ही पैसे परत मिळवून देतो" असे निरोप येऊ लागतात. ती माणसं ठकसेन असतात. बाहेरच्या कुणालाही एक्स्चेंजच्या पत्त्यातून पैसे काढता येत नाहीत.

तीन: दुसऱ्या एक्स्चेंजवरून पाठवलेलं असताना "आलं तिकडेच परत करा" असं लिहायचं. हे वरवर बरोबर वाटतं, पण ज्या पत्त्यावरून रक्कम आली तो त्या एक्स्चेंजचाही सामाईक पत्ता असतो. तिथेही तुमचा टॅग लागतो. टॅगशिवाय परत गेली, तर तेच पैसे दुसऱ्या ठिकाणी अडकतात. आमच्याकडे एका काकांची रक्कम अशी दोन वेळा अडकली होती. म्हणून परतावा मागायचा असेल, तर पाठवणाऱ्या एक्स्चेंजवरचा आपला टॅग त्या विनंतीत लिहूनच मागा. शक्य असेल तर परतावा मागूच नका, आहे तिथेच माझ्या खात्यात जमा करा असं मागा.

चौथं पाऊल: तक्रार, आणि त्यातला पुरावा

इथवर आलात, म्हणजे स्वतः करण्यासारखं तांत्रिक काही उरलेलं नाही. आता काम एक्स्चेंजच्या माणसाचं आहे. तुमचं काम एवढंच, की ही रक्कम तुमचीच हे त्याला बसल्या जागी पटलं पाहिजे. बऱ्याच एक्स्चेंजवर यासाठी "डिपॉझिट जमा झालं नाही" किंवा "मेमो राहिला" असा वेगळा अर्ज असतो. आधी तो शोधा, कारण चॅटवर सांगितलेली गोष्ट पुष्कळदा पुढे पोचत नाही.

माझ्या मावसभावाचं प्रकरण सांगतो. नाशिकहून त्याने स्वतःच्या वॉलेटमधून 250 एक्सआरपी पाठवले होते. क्यूआर कोड स्कॅन केला, त्यात फक्त पत्ता आला. टॅगची चौकट डिपॉझिटच्या पानावर खाली होती आणि मोबाइलवर ती सरकवल्याशिवाय दिसत नव्हती. वॉलेटमध्ये टॅगसमोर "ऐच्छिक" लिहिलं होतं, म्हणून तो पुढे गेला. वॉलेटच्या दृष्टीने टॅग ऐच्छिकच असतो, कारण एखाद्याच्या स्वतःच्या पत्त्यावर पाठवताना तो लागत नाही. पण "ऐच्छिक" या शब्दाने किती माणसं फसतात, हे बघून मला दर वेळी वाईट वाटतं.

त्याने पहिली तक्रार लिहिली ती अशी: "पैसे आले नाहीत, लवकर करा." उत्तर आलं ठराविक साच्यातलं, वाट बघा. चार दिवस गेले. मग आम्ही दोघांनी बसून पुन्हा लिहिलं. पहिल्या ओळीतच मुद्दा: 250 एक्सआरपी, डेस्टिनेशन टॅग राहिला, लेजरवर व्यवहार यशस्वी. त्याखाली पूर्ण हॅश, पाठवणारा पत्ता, घेणारा पत्ता, त्याच्या खात्याचा खरा टॅग आणि वेळ. एक्सप्लोररवरची वेळ अनेकदा यूटीसी असते, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. त्याने रात्री दीड वाजता पाठवले होते, म्हणून लेजरवर आदल्या दिवसाची तारीख होती. आम्ही दोन्ही वेळा लिहिल्या, नाहीतर तारीख जुळत नाही म्हणून अर्ज परत आला असता.

सोबत दोन स्क्रीनशॉट जोडले: वॉलेटमधला व्यवहार, ज्यात त्याचा पत्ता आणि हॅश एकत्र दिसतात, आणि एक्सप्लोररचं पान. गुप्त शब्द किंवा खासगी किल्ली कुठल्याच चित्रात नाही हे दोनदा तपासलं.

त्यांनी उलट मागणी केली की त्याच पत्त्यावरून 1 एक्सआरपी, या वेळी टॅगसह, पाठवा. हे ऐकून भाऊ बिथरला, आणखी पैसे कशाला म्हणून. पण ही मागणी रास्त असते. पत्ता लेजरवर सगळ्यांना दिसतो, पण त्या पत्त्यावरून पैसे फक्त किल्लीचा मालकच पाठवू शकतो. एवढंच लक्षात घ्या, की ही मागणी अर्जाच्या आतल्या धाग्यातच आलेली असावी आणि पैसे तुमच्याच डिपॉझिटच्या पत्त्यावर, तुमच्याच टॅगने जायला हवेत. ईमेलमधल्या दुसऱ्याच पत्त्यावर पाठवायला सांगितलं तर तो सापळा आहे. भावाने 1 पाठवला, तो लगेच जमा झाला, आणि पहिल्या तक्रारीपासून एकोणिसाव्या दिवशी बाकीची रक्कम शुल्क कापून आली.

दुसऱ्या एक्स्चेंजवरून पाठवलं असेल तर हा उपाय चालत नाही, कारण पाठवणारा पत्ता तुमचा नसतो. तिथे त्या एक्स्चेंजच्या विड्रॉल इतिहासाचं पान लागतं, ज्यात तुमचं नाव किंवा ईमेल, रक्कम आणि हॅश एकत्र दिसतील. काही ठिकाणी त्याचा पडद्यावरचा व्हिडिओ मागतात, लॉग इन करून ते पान उघडण्यापर्यंतचा. तो काढताना आजची तारीख दिसू द्या, आणि पासवर्ड व ओटीपी टिपला जाणार नाही एवढं बघा.

स्टेलर असेल तर

सगळं असंच, पण मेमोचे प्रकार असतात आणि तिथे वेगळी चूक होते. मजकुराचा मेमो 28 बाइटपर्यंतचा असतो, आणि आकड्याचा मेमो वेगळा. एक्स्चेंजने आकड्याचा मागितला आणि तुम्ही तोच आकडा मजकूर म्हणून टाकला, तर वाचताना सारखाच दिसतो, पण त्यांच्या यंत्रणेला जुळेलच असं नाही. `stellar.expert` वर व्यवहार उघडून मेमोचा प्रकार बघा आणि तक्रारीत तो लिहा. "मेमो आहे, पण प्रकार चुकला" असं स्पष्ट लिहिलेली तक्रार वाचणाऱ्याला लगेच कळते. एक्सआरपीसारखं लेजरनेच अडवणं इथे नाही. मेमो हवाच अशी खूण स्टेलरच्या खात्यावर लावता येते, पण ती बघायची की नाही हे पाठवणाऱ्या वॉलेटवर असतं.

कुठे थांबायचं, कुणाकडे जायचं

अर्ज पूर्ण पुराव्यासह गेला आणि त्याचा क्रमांक मिळाला, की स्वतःचे प्रयोग बंद करा. रोज नवीन तक्रार टाकू नका. त्याच धाग्यात आठवड्यातून एकदा विचारा.

टॅग नसलेल्या रकमेवर एक्स्चेंजचं वसुली शुल्क असतं, प्रत्येकाचं वेगळं. ते आधी वाचा. अडकलेली रक्कम त्या शुल्काएवढी किंवा त्याहून कमी असेल, तर मी लोकांना सरळ सांगतो, सोडून द्या.

रक्कम दुसऱ्या ग्राहकाच्या खात्यात गेली आहे असं एक्स्चेंजने लेखी कळवलं, किंवा पूर्ण पुरावा देऊनही ते लेखी नकार देत असतील, आणि रक्कम मोठी असेल, तर वकील गाठा. त्याला सगळा धागा तारखेनिशी छापून द्या. भारतात काम करणाऱ्या एक्स्चेंजला 2023 पासून मनी लाँडरिंगविरोधी कायद्याचे नियम लागू आहेत आणि एफआययू-इंडिया या सरकारी आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी आहे का, हे वकिलाकडे जाण्याआधी पाहून ठेवा.

पैसे परत मिळवून देतो म्हणणाऱ्याला गुप्त शब्द किंवा "आगाऊ शुल्क" देऊन बसला असाल, तर हा टॅगचा प्रश्न राहिलेला नाही, ही फसवणूक आहे. त्याच मिनिटाला 1930 वर फोन करा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवा. गुप्त शब्द दिले असतील, तर फोन लावण्याआधी वॉलेटमध्ये उरलेलं सगळं नव्या वॉलेटमध्ये हलवा.

आणि 31 मार्चला रक्कम अडकलेली असेल, तर विवरणपत्र भरण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटला तो हॅश आणि अर्जाचा क्रमांक दाखवा. एक्स्चेंजच्या वार्षिक अहवालात ही रक्कम कुठेच नसते, वॉलेटमध्येही नसते, आणि नंतर ती अचानक जमा झालेली दिसली की कुठून आली ते सांगायला तेच दोन कागद कामी येतात.